टाके निघाले म्हणजे छाती जुळली असे नाही

भातसानगरच्या वसाहतीत धरणावर काम करणारी कुटुंबे राहतात. समजा, त्यांपैकी कालव्याच्या दारांवर काम करणाऱ्या एकाची ५ मे रोजी मुंबईत बायपास झाली. आठ आठवडे संपतात ३० जूनला, म्हणजे भातशाच्या पाणलोटात पाऊस जोर धरतो आणि दारांवरची माणसे कमी पडू लागतात तेव्हा. कामावर परतायचे आहे, पण सगळे काम जमणार नाही. हे साहेबांना पत्राने कसे कळवायचे? इथेच काही गैरसमज आडवे येतात.

गैरसमज : टाके निघाले, जखम सुकली, म्हणजे माणूस बरा झाला.

वस्तुस्थिती : बायपासमध्ये छातीचे मधले हाड उभे कापून, शेवटी पोलादी तारांनी बांधतात. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत जुळते. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे आणि भक्कम व्हायला तीन महिने लागतात. मधुमेह असेल किंवा तंबाखू सुटली नसेल, तर त्याहून जास्त. दाराचे चक्र फिरवताना, दोर ओढताना किंवा खडबडीत रस्त्यावर मोटरसायकलचे हँडल धरताना हाताचा सगळा ताण त्याच हाडावर येतो. त्यामुळे चालायला ठणठणीत असलेला माणूसही चक्र फिरवायला तयार नसतो.

गैरसमज : ‘हलके काम द्यावे’ एवढे लिहिले की पुरे.

वस्तुस्थिती : साहेबांना दारावर उभे राहणे हलके वाटेल, डॉक्टरांना खुर्चीत बसणे. म्हणून आधी आपली कामे कागदावर मांडून डॉक्टरांकडे न्यावीत : चक्र फिरवणे, पाणीपातळी वाचून नोंदणे, जिने चढणे, रात्रपाळी, बांधावरची फेरी. कोणते काम कधीपासून आणि किती किलोपर्यंत, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. मग पत्रातला मजकूर असा होतो :

> मा. उपविभागीय अभियंता यांस,
>
> ५ मे रोजी माझ्यावर छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्यांच्या सल्ल्यानुसार १ जुलैपासून टप्प्याटप्प्याने काम करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> १ ते १४ जुलै : कार्यालयात नोंदवह्या आणि दूरध्वनी. तीन किलोपेक्षा जास्त वजन नाही.
>
> १५ ते २८ जुलै : दिवसपाळी, पाणीपातळीची नोंद, सपाटीवरची फेरी. पाच किलोपर्यंत वजन. दाराचे चक्र, दोर ओढणे, रात्रपाळी नाही.
>
> २९ जुलै : डॉक्टरांची तपासणी. तिचा निष्कर्ष त्याच दिवशी कळवीन. तोवर दारावरच्या कामासाठी पर्यायी व्यवस्था व्हावी.

यातले आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाचे आकडे त्याचे डॉक्टरच ठरवतील. शेवटचे वाक्य मात्र सोडू नये. ऐन पावसाळ्यात साहेबांची खरी अडचण तीच असते.

गैरसमज : मागितले की टप्प्याटप्प्याने काम मिळणे हा हक्कच आहे.

वस्तुस्थिती : राज्य कर्मचाऱ्यांना १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम लागू आहेत. वैद्यकीय रजेवरून परतताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तात्पुरती सवलत मात्र कार्यालयाच्या संमतीने मिळते, म्हणून पत्राची भाषा विनंतीची ठेवावी आणि मंजुरी लेखी घ्यावी. सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला २०१६ च्या कायद्याचे संरक्षण आहे, पण तीन महिन्यांत भरून येणारे हाड त्यात बसत नाही. रोज अर्धा दिवस काम मागण्यापेक्षा पूर्ण दिवस पण बदललेले काम मागणे सोयीचे, कारण वैद्यकीय रजा दिवसांत मोजतात. शिवाय दहा दिवसांच्या परिवर्तित रजेसाठी अर्धवेतनी रजेतले वीस दिवस खर्ची पडतात.

गैरसमज : साहेबांना आजाराचे सगळे सांगावे लागते.

वस्तुस्थिती : पत्रात काय करता येते आणि काय नाही, एवढेच लागते. कोणत्या रक्तवाहिनीत किती अडथळा होता किंवा गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे त्यात नको. असे पत्र अनेक टेबलांवरून फिरते.

गैरसमज : ठरलेले वेळापत्रक मोडले तर नोकरीत नाव खराब होते.

वस्तुस्थिती : हालचाल करताना छातीत कट्कट् आवाज आला, जखमेतून पाणी आले, ताप आला किंवा दम वाढला, तर पुढचा टप्पा थांबवून डॉक्टरांना दाखवावे लागते. आवाज म्हणजे हाडाचे दोन भाग एकमेकांवर हलत असण्याची शक्यता. छातीत दाब येऊन घाम फुटला तर थेट रुग्णालय गाठायचे. म्हणून पत्रात एक ओळ आधीच असू द्यावी : ‘त्रास जाणवल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्पा लांबेल, तसे तातडीने कळवीन.’ ही ओळ मंजुरीत आली की जुलैच्या पावसात, दारावर माणूस कमी असतानाही, त्याला चक्राला हात न लावता ‘आज नाही’ म्हणता येते.