आवक रजिस्टरचा एक फोटो आणि तिसरे प्रसामान्य रूप

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये डेटाबेसची पहिली पायरी बहुधा स्टोअरच्या खिडकीपाशी असते. तिथे दोरीने बांधलेले आवक रजिस्टर असते. गाडी उतरली की स्टोअरकीपर बिल पाहून त्यात ओळ भरतो. पुढे कधीतरी मालक सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवतो आणि रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो प्रोग्रामरकडे पोहोचतो. त्या पानापासून तिसऱ्या प्रसामान्य रूपापर्यंत, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत, जाण्याची रीत पाठ्यपुस्तकांत दोन पानांत आटोपते. पान सप्टेंबर २०२५ चे असेल तर मात्र ती तितक्यात आटोपत नाही.

नमुन्यादाखल असे एक पान घेऊ. नोंदी कल्पित आहेत. पुरवठादारांच्या जीएसटीआयएनऐवजी इथे फक्त क आणि ख लिहिले आहे. करांचे दर मात्र त्या महिन्यातले खरे आहेत.

| आवक क्र. | बिल तारीख | बिल क्र. | पुरवठादार | पार्ट | एचएसएन | जीएसटी % | नग |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ४१२ | ९/९/२५ | ११७ | क | बी-२० ब्रॅकेट, एन-०८ बोल्ट | ८७०८, ७३१८ | २८, १८ | २००, १५०० |
| ४१३ | १०/९/२५ | ११७ | ख | एन-०८ बोल्ट | 〃 | १८ | १००० |
| ४३१ | २४/९/२५ | १२६ | क | बी-२० ब्रॅकेट | ८७०८ | १८ | १५० |

पहिली अडचण वाचनाचीच आहे. ४१३ च्या ओळीत एचएसएनखाली डिट्टोची खूण आहे आणि वरच्या चौकटीत आकडे दोन आहेत. खूण त्यांपैकी कुठल्या आकड्याची? बोल्ट म्हटल्यावर वाचणारा ७३१८ घेतो आणि ते बरोबरच असते. पण तसे घेताना पार्ट नंबर कळला की एचएसएन ठरतो हा नियम त्याने नकळत वापरलेला असतो. एका स्तंभाची किंमत कळली की दुसऱ्याची एकच किंमत निघते, या नात्याला फंक्शनल डिपेन्डन्सी म्हणतात. इथे त्याला अवलंबन म्हणू. फोटो टाइप करून घेणाऱ्याने डिट्टोच्या जागा वेगळ्या रंगात दाखवाव्यात. तिथे भरलेला मजकूर पानावरचा नसतो, वाचणाऱ्याचा असतो.

पहिल्या रूपासाठी एका चौकटीत एकच किंमत हवी. ४१२ ची ओळ म्हणून फुटते आणि ब्रॅकेटची एक, बोल्टची एक अशा दोन ओळी होतात. या टप्प्यावर कुठले अवलंबन काढले, असा प्रश्न परीक्षेत येतो आणि त्याचे खरे उत्तर आहे, एकही नाही. काढला गेला तो पुनरावर्ती गट, म्हणजे एका आवक क्रमांकाखाली कोंबलेली पार्टांची यादी. उलट ४१२, तारीख, बिल क्रमांक आणि पुरवठादार आता दोनदा लिहावे लागतात. पहिल्या रूपात पुनरुक्ती वाढते, आणि तशी ती वाढलीच पाहिजे.

या रीतीचा जनक एडगर कॉड. जन्म १९२३, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा, नोकरी आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत. जून १९७० मध्ये छापलेल्या त्याच्या लेखात फक्त हे पहिले पाऊल आहे. दुसरे आणि तिसरे रूप त्याने पुढच्या दोन वर्षांत मांडले. नॉर्मलायझेशन हा शब्द कुठून आला, याबद्दल पुढे एका मुलाखतीत कॉडने सांगितले की राष्ट्राध्यक्ष निक्सन तेव्हा चीनशी संबंध ‘नॉर्मलाइझ’ करण्याच्या गोष्टी करत होते, तिथून तो उचलला. किस्सा झकास आहे, पण शब्द १९७० च्या लेखात छापलेला आहे आणि निक्सन चीनला गेले फेब्रुवारी १९७२ मध्ये. किस्सा मागाहून रंगला असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

त्या लेखातले उदाहरण या किश्श्याहून मोलाचे आहे. कॉडने एक कर्मचारी घेतला. त्याच्या नोंदीत कामांचा इतिहास आणि मुलांची यादी होती, आणि कामांच्या इतिहासाच्या पोटात पगाराचा इतिहास. हे सगळे उलगडून त्याने चार तक्ते केले. पगाराच्या तक्त्याची किल्ली झाली कर्मचारी क्रमांक, कामाची तारीख आणि पगाराची तारीख. पहिल्यावहिल्या उदाहरणातच तारीख किल्लीचा भाग होती. नंतरच्या क्रमिक पुस्तकांनी विद्यार्थी, विषय आणि शिक्षक असे कधीच न बदलणारे जग उदाहरणाला घेतले आणि तारीख मागे पडली. चाकणच्या पानावर तिची गरज पुन्हा दिसते.

दुसऱ्या रूपाआधी किल्ली ठरवावी लागते. बिल क्रमांक हा सोपा उमेदवार वाटतो, पण पानावर ११७ दोनदा आहे, एकदा क चा आणि एकदा ख चा. प्रत्येक पुरवठादाराची मालिका वेगळी असते, आणि जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल क्रमांक त्या पुरवठादारापुरता, तोही एका आर्थिक वर्षापुरताच, अनन्य असावा लागतो. एप्रिल उजाडला की ११७ पुन्हा येऊ शकतो. म्हणून स्टोअरचा स्वतःचा आवक क्रमांक धरायचा. एका बिलाला एकच आवक क्रमांक आणि एका बिलात एक पार्ट एकदाच, हे स्टोअरकीपरला विचारून पक्के केले की ओळीची किल्ली होते आवक क्रमांक अधिक पार्ट नंबर.

आता प्रत्येक स्तंभ या जोडकिल्लीवर पूर्ण अवलंबून आहे की तिच्या एका तुकड्यावर, ते पाहायचे. बिल तारीख, बिल क्रमांक आणि पुरवठादार नुसत्या आवक क्रमांकावर ठरतात. पार्टचे नाव आणि एचएसएन नुसत्या पार्ट नंबरवर. ही आंशिक अवलंबने होत, आणि दुसऱ्या रूपात काढली जातात ती हीच. आवक आणि पार्ट असे दोन तक्ते वेगळे निघतात, तर ओळीच्या तक्त्यात किल्ली, नग आणि कराचा दर उरतो. याचा लाभ रोज दिसतो. एन-०८ चे नाव ‘बोल्ट’, ‘बोल्ट एम ८’, ‘हेक्स बोल्ट’ अशा तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडणे ही आवक रजिस्टरातली नेहमीची गोष्ट, आणि मग शिल्लक नगांचा मेळ लागत नाही. टाइप केलेल्या तक्त्यावर ही तपासणी एका ओळीत होते:

```sql
SELECT part_no FROM register
GROUP BY part_no HAVING COUNT(DISTINCT part_name) > 1;
```

उत्तरात एकही पार्ट आला नाही तरी अवलंबन सिद्ध होत नाही. इतकेच कळते की या पानाने ते खोटे पाडले नाही. पान फक्त खोटे पाडू शकते. खरे काय, ते कारखान्याचा नियम सांगतो.

तिसऱ्या रूपात साखळी तुटते. खऱ्या पानावर पुरवठादाराच्या जीएसटीआयएनशेजारी त्याचे नावही असते. आवक क्रमांकावरून जीएसटीआयएन ठरतो आणि जीएसटीआयएनवरून नाव. मधली कडी किल्ली नाही, म्हणून हे संक्रमी अवलंबन. पुरवठादाराचा तक्ता वेगळा केला की ते जाते. उलट दिशेचा नियम मात्र धरू नये. एकाच नावाच्या कंपनीची महाराष्ट्रात २७ ने सुरू होणारी एक आणि गुजरातेत २४ ने सुरू होणारी दुसरी नोंदणी असू शकते. काटेकोर वाचक इथे एक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. जीएसटीआयएन, बिल क्रमांक आणि बिल तारीख मिळून आवक तक्त्याची दुसरी किल्ली होते. त्या किल्लीकडून पाहिले तर नाव तिच्या एका तुकड्यावर ठरते, म्हणजे अवलंबन आंशिकही आहे आणि ते दुसऱ्याच टप्प्यात जायला हवे होते. नाव कुठलेही द्या, तक्ते तेच निघतात. परीक्षेत गुण जातात ते दुसरी किल्ली न पाहिल्याने.

उरतो कराचा दर. पान २० सप्टेंबरला संपले असते तर उत्तर सरळ होते: पार्टवरून एचएसएन, एचएसएनवरून दर, ही साखळी, म्हणून दराचा तक्ता वेगळा. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा दर १८ वर आला. बोल्टवर तो आधीपासून १८ होता. पानावर बी-२० पुढे एकदा २८ आणि एकदा १८ आहे, आणि दोन्ही बरोबर आहेत. एचएसएनवरून दर ठरतो हा नियम या दोन ओळींनी खोटा पाडला. जुन्या साखळीने तक्ते केलेल्या माणसाने २२ तारखेला एकाच ओळीत २८ चे १८ केले असते, आणि त्या क्षणी ४१२ चे जुने बिलही १८ टक्क्यांचे दिसू लागले असते. ब्रॅकेट नगाला ८५ रुपये धरले तर २०० नगांचे १७,००० होतात. त्यावर खरा कर ४,७६० आणि सॉफ्टवेअर दाखवणार ३,०६०. एका ओळीत १,७०० रुपयांचा फरक, आणि तो कळणार इनपुट क्रेडिटचा मेळ घालताना.

म्हणजे दर ठरतो तो एचएसएन आणि तारीख यांच्या जोडीवर. आता गंमत अशी की दुसऱ्या टप्प्यानंतर तारीख आवक तक्त्यात आहे, एचएसएन पार्टच्या तक्त्यात आणि दर ओळीच्या तक्त्यात. हे अवलंबन कुठल्याच एका तक्त्याच्या आत नाही. ओळीचा तक्ता एकटा तपासला तर तो दरासकट तिसऱ्या रूपात बसतो. एकेक तक्ता तपासणाऱ्या रीतीला ही पुनरुक्ती दिसतच नाही.

मग दर ओळीत ठेवायचा की काढायचा? काढायचा तर कॉडच्या पगारासारखा तक्ता लागतो, ज्याची किल्ली एचएसएन आणि लागू तारीख. शिवाय कुठली तारीख, हा प्रश्न राहतोच. २० तारखेच्या बिलाने निघालेली गाडी २३ ला उतरली तर आवकीची तारीख धरणे चूक, आणि माल, बिल आणि पैसे दर बदलाच्या दोन बाजूंना पडले तर केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १४ वाचावे लागते. त्यामुळे ओळीत दर ठेवणेच शहाणपणाचे. तो नियमावरून काढलेला दर नसून पुरवठादाराने बिलावर लावलेला दर आहे, आणि पुरवठादार चुकूही शकतो. नियमाचा तक्ता शेजारी ठेवायचा तो त्या चुका पकडण्यासाठी.

```
supplier(gstin, supplier_name)
inward(inward_no, bill_date, bill_no, gstin)
part(part_no, part_name, hsn)
inward_line(inward_no, part_no, qty, billed_rate)
gst_rate(hsn, from_date, rate)
```

शेवटच्या तक्त्यात ८७०८ च्या दोन ओळी येतात. पहिलीचा दर २८, दुसरीचा १८, आणि दुसरीची लागू तारीख २२/९/२०२५.