पगार कायमचा उतरला तर

शिरूर-दौंडकडील माणसाला पाण्याचे आवर्तन सांगावे लागत नाही. कालव्याचे एक आवर्तन हुकले, तर शहाणा शेतकरी उरलेले पाणी सर्व वाफ्यांना सारखे वाटीत नाही. तसे केले, तर सगळीच पिके अर्धी वाळतात. पगारदार माणूस मात्र नेमके तेच करतो.

कुरकुंभच्या एका कारखान्यातील माझ्या ओळखीच्या कामगाराचे उदाहरण घ्या. पगार महिना २५ हजारांवरून २० हजारांवर आला. नुसता ओव्हरटाइम बंद झाला असता, तर तो पुढे सुरू होण्याची आशा होती. पण पावतीवर मूळ पगारच उतरला होता. घरखर्च १७ हजार. उरलेल्या ८ हजारांतून ३ हजार थोरल्या मुलीच्या डिप्लोमासाठी, अडीच हजार वरच्या खोलीसाठी आणि अडीच हजार मोटारसायकलीसाठी बाजूला पडत. आता उरले तीनच हजार. ते त्याने तिन्हीकडे हजार-हजार वाटले. मुलीचा प्रवेश दोन वर्षांवर, गरज ७२ हजारांची. या चालीने २४ हजारच जमले असते. डिप्लोमाचा तिसरा हिस्सा कोण देतो?

मी त्याला एवढेच विचारले, कोणत्या कामाची तारीख हलत नाही? मुलीची. म्हणून तिचे ३ हजार कायम. घरखर्चातून हजार काढले, ते खोलीला. पण हप्ता घटवला आणि बेत तोच ठेवला, तर त्याला कमी करणे म्हणता येत नाही. ते लांबणीवर टाकणेच होय. १ लाख २० हजारांच्या स्लॅबला दरमहा हजाराने दहा वर्षे लागतील. म्हणून स्लॅब सोडून ६० हजारांची पत्र्याची खोली ठरली. ती पाच वर्षांत होईल.

मोटारसायकल थांबली. पण थांबवण्याचीही रीत असते. तिचे पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत जात होते. तेथे चार हप्ते चुकले की खाते खंडित होते आणि पुढे दोनच महिन्यांत ते चालू करून घेता येते. तेव्हा गुपचूप हप्ते चुकवू नयेत, आधी पोस्टात जाऊन विचारावे. मुलीचा प्रवेश झाला की ३ हजार मोकळे होतील, त्या दिवशी हा विषय पुन्हा काढायचा, असे ठरले.

आता जी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ती सांगतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात : मूळ पगार व महागाई भत्ता यांना २६ने भागून १५ने गुणायचे, मग नोकरीच्या वर्षांनी. याचा हा पगार १८ हजारांचा १५ हजार झाला. वीस वर्षांच्या नोकरीवर २ लाख ७ हजार मिळणार होते, ते १ लाख ७३ हजारांवर आले. म्हणजे जुन्या, पूर्ण पगाराच्या वर्षांचेही मोल उतरले. धाकटीचे लग्न त्याने याच रकमेवर धरले होते. मी कागद पुढे सरकवला. त्याने तो आकडा खोडला आणि लग्नाच्या खर्चाची यादी नव्याने लिहायला घेतली.