पाय ऊब धरतात, तेव्हा डोळा लागतो

एडिनबरात डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या सुमारासच मावळतो. जुन्या दगडी इमारतींतील उंच छताच्या खोल्या लवकर तापत नाहीत. अंगावर दोन रजया असूनही पाय गारच असले, तर कित्येकांना तास तास झोप येत नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

झोप लागण्यासाठी शरीराच्या आतली उष्णता थोडी उतरावी लागते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य दरवाजे म्हणजे तळहात आणि तळपाय. संध्याकाळनंतर तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊबदार रक्त कातडीपर्यंत येते आणि आतली उष्णता निघून जाते. थंडीने त्या वाहिन्या आक्रसल्या, तर दरवाजा बंदच राहतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी १९९९ साली दाखवले की, हातपाय धडाच्या मानाने जितके ऊबदार, तितकी झोप लवकर लागते. म्हणजे पाय शेकले की उलट पोट व छाती निवतात.

म्हणून वेळ साधावी. साडेदहाला निजायचे असेल, तर साडेनऊला सैल लोकरी मोजे घालावेत. घट्ट मोजे रक्ताला अडवतात. दहाला गरम पाण्याची पिशवी पायथ्याशी ठेवावी आणि अंथरुणात शिरताना ती काढून घ्यावी. रात्री पाय तापले तर मोजेही काढावेत, नाहीतर घाम येऊन जाग येते.

स्कॉटलंडात पूर्वी यासाठी मातीची भाजलेली बाटली असे. तिला 'पिग' म्हणत. नावाने दचकू नये, येथे त्याचा अर्थ मातीचे भांडे. आता रबरी पिशवी असते. तिच्यात उकळते पाणी ओतू नये. दोन तृतीयांश भरून, हवा दाबून काढून, बूच घट्ट लावावे व वर कापडी खोळ घालावी. पिशवीच्या मानेजवळ फुलाची खूण असते. मधला आकडा तयार झाल्याचे वर्ष, बारा पाकळ्या म्हणजे महिने. दोन वर्षे वापरल्यावर, किंवा रबराला भेगा दिसल्यास आधीच, पिशवी बदलावी. जुने रबर अचानक फाटते आणि मांड्या भाजतात.

मधुमेहाने ज्यांच्या तळपायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी पिशवी पायाला लावूच नये. कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही. त्यांना मोजे पुरेत. बोटे पांढरी किंवा निळी पडत असतील, किंवा एकच पाय सतत गार असून दुखत असेल, तर तो केवळ थंडीचा परिणाम समजू नये. डॉक्टरांना दाखवावे.