लिंबू पिळलं की मेंदी जास्त रंगते का?

नागपंचमीच्या आदल्या दिवशी कुंपणावरच्या मेंदीचा पाला तोडायचा, पाट्यावर काताच्या खड्यासोबत बारीक वाटायचा आणि तो गोळा तसाच हातावर थापायचा, ही रीत अनेक घरांत होती. पुढे कोरडी पूड आली आणि तिच्याबरोबर भिजवण्याचा प्रश्न आला. कुणी लोखंडी कढईत रात्रभर भिजवतं, कुणी दोन तासांत वापरतं. कुणी लिंबू पिळतं, कुणी दही घालतं, कुणी चहाचं पाणी. प्रत्येकीचा भरवसा एकच असतो, की आंबट पडलं म्हणजे रंग सुटतो.

रंग सुटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की या पद्धतींतला फरकही उलगडतो. मेंदीच्या पानात रंगद्रव्य तयार स्थितीत नसतं. ते साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं आणि या जोडीला हेनोसाइड म्हणतात. पुडीत पाणी पडलं की ही गाठ हळूहळू सुटते आणि एक मधलं द्रव्य मोकळं होतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचंच लॉसोन होतं, म्हणजे मेंदीचा केशरी-लाल रंग. त्वचेच्या वरच्या थरात आणि केसांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. लॉसोन त्याला घट्ट चिकटतं, म्हणून मेंदी धुऊन जात नाही.

रंग कमी चढण्याची कारणं दोन आणि एकमेकांच्या उलट असतात. मेंदी लवकर लावली तर गाठी पुरेशा सुटलेल्या नसतात. फार उशीर केला, तर मोकळं झालेलं द्रव्य हातावर पोचायच्या आधीच वाडग्यात हवेने बदलून जातं. मग त्याची चिकटण्याची ताकद ओसरते आणि मेंदी कितीही वेळ ठेवली तरी फिकट केशरीच रंगते. अनुभवी हात या दोन टोकांमधली वेळ पकडतात.

ही वेळ सर्वांत जास्त ठरते ती तापमानावर. आंबटपणाचा नंबर त्यानंतर येतो, आणि त्याचं काम बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. नुसत्या पाण्यात रंग लवकर सुटतो आणि लवकर ओसरतो. सौम्य आंबट पाण्यात तो सावकाश सुटतो, पण मोकळ्या झालेल्या द्रव्याचं ऑक्सिडीकरणही मंदावते, त्यामुळे मेंदी जास्त वेळ कामाची राहते. लिंबू पुडीतून जादा रंग काढत नाही. पुडीत मुळात जेवढा रंग असेल तेवढाच मिळतो. लिंबामुळे तो लावायला वेळ मिळतो, एवढंच.

राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी आपल्याकडे सर्वत्र मिळते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. समजा, अशी ताजी, बारीक चाळलेली १०० ग्रॅम पूड केसांसाठी भिजवायची आहे. पुण्यात डिसेंबर आहे आणि स्वयंपाकघरात साधारण २० अंश तापमान आहे. एका लिंबाचा रस पेलाभर कोमट पाण्यात मिसळून त्यात पूड कालवली, मग लागेल तसं पाणी घालून दह्याइतकी सरबरीत केली आणि भांडं झाकलं, तर आठ ते बारा तास लागतात. रात्री भिजवून सकाळी लावणं इथे बरोबर ठरतं. हीच पूड मे महिन्यात नागपूरला, पस्तीस अंशांच्या खोलीत नुसत्या पाण्यात भिजवली, तर दोन-चार तासांतच तयार होते. तिथे रात्रभर ठेवणं म्हणजे रंग घालवणं. घाई म्हणून उकळतं पाणी ओतण्यानेही हेच होतं. रंग झपाट्याने सुटतो आणि तितक्याच झपाट्याने संपतो.

पण घड्याळापेक्षा खात्रीची खूण वाडग्यातच दिसते. हवा लागणारा वरचा थर तपकिरी होतो आणि चमच्याने उकरलं की आत हिरवं दिसतं. वरचा तपकिरी थर पाहून मेंदी बिघडली असं समजून ती फेकू नये, कारण रंग सुटू लागल्याची ती खूण आहे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे तळहातावर मेंदीचा ठिपका द्यायचा आणि पाच मिनिटांनी पुसायचा. स्पष्ट केशरी डाग उरला तर मेंदी तयार आहे. डागच नसेल तर अजून थांबायचं. तासाभरापूर्वी ठिपका गडद होता आणि आता फिका येतोय, असं असेल तर लगेच लावायला घ्यायची. तेव्हा सवड नसेल तर ती फ्रीजरमध्ये ठेवावी. थंडीत ही सगळी क्रिया जवळजवळ थांबते. मेंदी काढणाऱ्या मुली भरलेले कोन गोठवून ठेवतात, ते याच कारणासाठी.

दह्याचा मामला वेगळा आहे. दही आंबट असलं तरी त्यात प्रथिनं आणि स्निग्धांशही असतात. लॉसोन प्रथिनाला चिकटतं, मग ते केसांचं असो वा दह्याचं, त्यामुळे काही रंग वाडग्यातच अडकतो. दह्यातली मेंदी केस मऊ करते, पण रंग तुलनेने फिका देते. पांढरे केस झाकायचे असतील तर दही न घालणंच बरं. निव्वळ लिंबाचा रस वापरणं हे दुसरं टोक आहे. तो फार तीव्र असतो, केस रखरखीत होतात आणि टाळू चुरचुरते. भरपूर पाण्यात मिसळलेला थोडा रस पुरतो. आवळ्याच्या पुडीनेही आंबटपणा येतो आणि केसांवरची छटा लालसरपेक्षा तपकिरीकडे झुकते.

चहाचं पाणी, कात आणि लोखंडी कढई यांच्यामुळे येणारा गडदपणा निराळ्या वाटेने येतो. चहातल्या आणि कातातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळपट संयुग बनतं. त्यामुळे मेंदी काळसर दिसते, पण त्यातलं लॉसोन वाढत नाही.

आंबटपणाचा छटेशी संबंध आहे, पण तो पहिल्या दिवशी चकवतो. लॉसोन आम्लात पिवळट-केशरी दिसतं, तर अल्कलीत लालभडक. म्हणून लिंबू घातलेली मेंदी धुतल्यावर भडक केशरी दिसते आणि मन खट्टू होतं. पुढच्या एक-दोन दिवसांत हवेने तोच रंग मुरून हातावर तांबडा-तपकिरी होतो. केसांना याहून एखाद-दोन दिवस जास्त लागतात. छटा पारखायची ती त्यानंतर. मेंदी खरवडल्यावर हातावर चुना चोळण्याची जुनी युक्तीही याच गुणावर चालते. अल्कलीमुळे रंग लवकर लाल होतो, मात्र चुना त्वचेला भाजू शकतो, म्हणून जपून.

हातावरच्या सुकत्या मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी लावतात, त्यात मुख्य काम साखरेचं असतं. ती मेंदीला ओलसर आणि चिकट ठेवते, त्यामुळे मेंदी गळून पडत नाही आणि रंग उतरायला जास्त तास मिळतात. कापसाने हलकेच टिपायचं, थबथबवायचं नाही, नाहीतर नक्षी पसरते. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात नेली तर चट्टे उठतात, म्हणून आधी हात धुवावेत.

केस काळे करण्यासाठी मेंदीत नीळ मिसळणाऱ्यांनी मात्र लिंबू निळीच्या वाडग्यापासून लांब ठेवावं. निळीला आंबट मानवत नाही आणि रात्रभर भिजणंही सोसत नाही. ती नुसत्या कोमट पाण्यात वेगळी भिजवतात आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, लावण्याच्या अगदी आधी, तयार मेंदीत मिसळतात.