शब्द बदलले, पण हळद भाजली गेली!

प्रोजेक्टमधला मजकूर नेटवरून घ्यायचा आणि 'पकडलं जाऊ नये' म्हणून तो दुसऱ्या अॅपमधून फिरवून घ्यायचा, ही सवय आता दहावी-बारावीच्या मुलांमध्ये सर्रास दिसते. पालकांना वाटतं, शब्द बदलले म्हणजे काम स्वतःचं झालं.

वसमतच्या हळदीवरचा प्रोजेक्ट घ्या. समजा मूळ वाक्य आहे, 'ओले कंद शिजवून, उन्हात वाळवून पॉलिश करतात.' अॅपने त्याचं केलं, 'ओलसर गड्डे भाजून, सूर्यप्रकाशात सुकवून चकाकवतात.' आता जुळणी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ते कदाचित सापडणार नाही, कारण ते शब्दांची सलग साखळी शोधतं. पण हळद कोण भाजतं? आमच्या जिल्ह्यातला कोणताही शिक्षक तिथेच थांबतो आणि विचारतो, "बेटा, हे कुठे पाहिलंस?" संशोधनातही हेच घडलं. 2021 मध्ये फ्रान्सचे गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच विचित्र बदललेल्या शब्दांवरून संशयास्पद शोधनिबंध हुडकले.

एआयने लिहिलेलं ओळखणारी सॉफ्टवेअर मात्र भरवशाची नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये कमी अचूकतेमुळे मागे घेतलं. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त या साधनांनी एआयचे ठरवले. घरी उर्दू, शाळेत मराठी आणि साधं-सोपं इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या मुलांवरही असा खोटा संशय येऊ शकतो. या भीतीने प्रामाणिक मूलही स्वतःचा निबंध अॅपमधून फिरवून घेतं आणि स्वतःची भाषा, म्हणजे स्वतःचा पुरावाच, पुसून टाकतं. त्यापेक्षा कच्ची वही, खाडाखोड, शेतकऱ्याशी बोलताना काढलेली टिपणं जपून ठेवावीत.

मदत घेतलीच असेल तर शेवटच्या पानावर दोन ओळी पुरतात: 'प्रक्रियेची माहिती अमुक पुस्तकातून घेतली. माझ्या मराठीतल्या चुका एआयकडून दुरुस्त करून घेतल्या. शेताची पाहणी मी स्वतः केली.' हे वही देण्याआधी सांगायचं. पकडल्यावर सांगितलं तर तो फक्त बचाव वाटतो. बहुतेक शिक्षक अशा वेळी तोंडी दोन प्रश्न विचारतात आणि पुढे जातात. अर्थात, शिक्षकांनी एआय वापरायला मनाईच केली असेल तर या ओळींनी ते चालून जात नाही. तिथे 'सर, मला जमत नाही, दोन दिवस द्या' म्हणणंच बरं.

पुढे एमए-पीएचडीला तर याचा हिशोब टक्क्यांत होतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, 40 ते 60 टक्के असेल तर सुधारित प्रबंध वर्षभर देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. स्रोताचं नाव देऊन घेतलेला उतारा मात्र या मोजणीत धरत नाहीत.