तीच कॉइल, तिप्पट उष्णता

कारखान्यातल्या भट्टीत प्रत्येकी ४८ ओहमच्या तीन हीटर कॉइल आहेत, आणि पुरवठा आहे ४१५ व्होल्टचा थ्री-फेज. हे ४१५ म्हणजे कुठल्याही दोन लाइनमधला दाब.

स्टार जोडणीत तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधतात. मग प्रत्येकीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे २४० व्होल्ट येतात. प्रवाह ५ अँपिअर. कॉइलमधून जातो तोच लाइनमधूनही येतो, कारण दुसरी वाटच नाही.

डेल्टात प्रत्येक कॉइल थेट दोन लाइनमध्ये बसते. दाब पूर्ण ४१५, प्रवाह ८.६५ अँपिअर. लाइन मात्र दोन कॉइलना पुरवते. ८.६५ची दुप्पट १७.३, पण टाँग टेस्टर १५च दाखवतो! दोन्ही प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत, म्हणून गुणक २ नव्हे, १.७३२.

स्टारमध्ये ३.६ किलोवॉट, डेल्टात सुमारे १०.८. म्हणूनच २४० व्होल्टच्या कॉइल चुकून डेल्टात जोडल्या की बघता बघता जळतात.

डेल्टातली एकच कॉइल तुटली, तर भट्टी मंदावते, बंद पडत नाही. टाँग टेस्टर तीन लाइनवर फिरवावा: एकीत १५, उरलेल्या दोघींत ८.६५. तुटलेली कॉइल त्या दोघींमधलीच.