पुन्हा तपासणीचे बोलावणे : काचपट्टीवरील पेशी काय सांगतात?

गर्भाशयमुखाची पेशीतपासणी, म्हणजे पॅप तपासणी, करून घेतलेल्या एखाद्या भगिनीस काही दिवसांनी ‘पुन्हा तपासणीस यावे’ असा निरोप येतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या गावात असा निरोप पोचला की त्याचे दोनच अर्थ लावले जातात. कर्करोगच झाला असे समजून घरचे हवालदिल होतात, नाहीतर काही त्रास नाही म्हणून कागद फडताळात पडून राहतो. हे दोन्ही अर्थ चुकीचे का, हे समजण्यासाठी त्या काचपट्टीवर काय दिसते ते पाहू.

लाकडी पट्टीने वा ब्रशाने गर्भाशयमुखावरून हलकेच निघालेल्या पेशी काचेवर पसरतात आणि त्या लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवितात. नंतर रंग देऊन त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशी मोठी, पातळ आणि बहुकोनी असते. तिचे पेशीद्रव्य गुलाबी किंवा निळसर-हिरवे दिसते. मध्यभागी केंद्रक हा लहानसा गोल ठिपका असतो. मधल्या थरातील पेशीच्या केंद्रकाचा व्यास सुमारे ७ मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ लाल रक्तपेशीएवढा असतो. तपासनीस याच केंद्रकास माप मानतो.

पेशी बिघडू लागली की प्रथम केंद्रक बदलते. ते मोठे व गडद होते आणि त्याची कड वेडीवाकडी होते. सौम्य बिघाडात केंद्रकाचे क्षेत्रफळ नेहमीच्या तिपटीहून अधिक होते, परंतु पेशी मोठीच राहते. तीव्र बिघाडात पेशी लहान असते आणि गडद केंद्रक तिची बहुतेक जागा व्यापते.

या दोन टोकांमध्ये एक अनिश्चित पट्टा आहे. केंद्रक अडीच ते तीन पट वाढलेले दिसले, पण बाकी लक्षणे स्पष्ट नसली, तर तपासनीस ‘अर्थ निश्चित न झालेला बदल’ असा शेरा देतो. क्षेत्रफळ तिप्पट होण्यास व्यास ७ वरून १२ मायक्रोमीटर झाला तरी पुरते, आणि अडीचपटीस ११ लागतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निर्णय इतक्या बारीक फरकावर टेकलेला असतो, म्हणूनच पुन्हा बोलावणे येते.

एक उदाहरण घेऊ. पाथर्डी तालुक्यातील ३८ वर्षांच्या एका शेतकरी स्त्रीच्या काचपट्टीवर काही केंद्रके अडीचपट मोठी दिसली, असे समजा. याचे कारण विषाणूजन्य बिघाड असू शकेल. पण जंतुसंसर्गामुळे पेशींना सूज आली तरी केंद्रक थोडे मोठे होते. काच अल्कोहोलमध्ये बुडविण्यास उशीर झाला, तर पेशी हवेत वाळून पसरतात आणि केंद्रक खोटेच फुगलेले, फिकट व धूसर दिसते. अशा वेळी संसर्गावर औषध देऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने पुन्हा नमुना घेतात किंवा एचपीव्ही विषाणूची चाचणी करतात. दुसऱ्या नमुन्यात केंद्रके नेहमीसारखी दिसली तर शंका बरीचशी मिटते. बदल टिकून असला, अथवा विषाणू आढळला, तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मोठे करून गर्भाशयमुखाची पाहणी, करावी लागते. पहिल्याच नमुन्यात तीव्र बिघाड दिसला, तर केवळ नमुना पुन्हा घेऊन थांबत नाहीत, सरळ कॉल्पोस्कोपीस पाठवितात. म्हणून ‘पुन्हा नमुना’ आणि ‘कॉल्पोस्कोपी’ यांतील कोणता शब्द कागदावर आहे, हे प्रथम वाचावे.

बोलावण्याचे आणखी एक साधे कारण असते. काचेवर पेशी पुरेशा नसतात किंवा रक्त व पू यांनी त्या झाकल्या जातात. हा नमुन्याचा दोष होय, स्त्रीच्या प्रकृतीचा नव्हे. तथापि तो नमुना ‘निर्दोष’ही ठरत नाही, कारण त्यात काही वाचताच आलेले नसते.

या तपासणीस मर्यादाही आहेत. चांगल्या नमुन्यातही बिघडलेल्या पेशी काचेवर न उतरल्यास त्या सुटतात. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले. एकदाच केलेल्या पेशीतपासणीने मात्र तशी लक्षणीय घट दिसली नाही. एका काचपट्टीवर सारे ठरत नाही, हेच त्यातून दिसते.

तेव्हा निरोप पोचविणाऱ्याने तो चारचौघांत न सांगता त्या भगिनीच्या हाती द्यावा, कोणत्या कारणाने बोलावले आहे ते वाचून दाखवावे आणि ठरलेली तारीख चुकू देऊ नये. सौम्य बदल अनेकदा आपोआप मावळतात. जे मावळत नाहीत, त्यांवर कर्करोग होण्यापूर्वीच उपचार करण्यास बहुधा काही वर्षांचा अवधी मिळतो, आणि दुसरी तपासणी त्याच अवधीसाठी असते.